गार पॅन आणि गास्कनीचं बदक

पहिलं बदक मी जाळलं ते तुलूझमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. दक्षिण फ्रान्समधल्या या शहरात कंपनीने मला दीड वर्षासाठी पाठवलं होतं. जानेवारीतला शनिवार होता. सुपरमार्केटमधून प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेला बदकाच्या छातीचा तुकडा आणला होता, वजन ३८० ग्रॅम. एका बाजूला गडद लाल मांस, दुसऱ्या बाजूला सायीच्या रंगाची कातडी, आणि दोन्हींच्या मध्ये चांगली बोटभर जाडीची चरबी. चिकन करतो तसं करू, म्हणून मी इंडक्शन शेगडी नऊवर लावली, पॅन चटचटीत तापवला, वर थोडं तेल टाकलं आणि तुकडा कातडीवर ठेवला. दोन मिनिटांत कातडी काळी पडली, तुकडा होडीसारखा वाकला, तेलाचे शिंतोडे भिंतीवर उडाले आणि धुराचा अलार्म वाजायला लागला. कापून बघितलं तर वर कोळसा, खाली मांस कच्चं, आणि मध्ये पांढरी, रबरासारखी चरबी जशीच्या तशी. हवी होती तीच गोष्ट झाली नव्हती.

अलार्म ऐकून समोरच्या फ्लॅटमधल्या सत्तरीच्या बाई दारात आल्या. त्या मूळच्या जेर्स जिल्ह्यातल्या, म्हणजे जुन्या गास्कनीतल्या. त्यांनी पॅनकडे बघितलं आणि विचारलं, "पॅन गरम होता का तुमचा?" मी अभिमानाने हो म्हणालो. "तेलही घातलं होतंत?" त्यालाही हो म्हणालो. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी पॅन गार असू द्या. आणि तेल कशाला? बदकाने स्वतःचं तेल बरोबर आणलंय की."

मांस शिजवायचं तर पॅन आधी कडकडीत तापवा, असं यूट्यूबवरचा प्रत्येक माणूस सांगतो. मग याच एका तुकड्याला उलटा नियम का? या प्रश्नाचा माग काढताना मी थेट गास्कनीच्या इतिहासात जाऊन पोचलो. गार पॅनची गरज मुळात का पडली, हे त्या तुकड्याचा इतिहास बघितल्याशिवाय नीट कळत नाही.

*

फ्रान्समध्ये स्वयंपाक कशात करतात, याचं उत्तर प्रदेशागणिक बदलतं. उत्तरेत लोणी, भूमध्य समुद्राच्या काठाने ऑलिव्हचं तेल, आणि नैर्ऋत्येला, म्हणजे तुलूझपासून पश्चिमेकडे, हंसाची आणि बदकाची चरबी. गास्कनीत दुभत्या गुरांची कुरणं फारशी नाहीत आणि ऑलिव्हला हवा मानवत नाही. मात्र अमेरिकेतून आलेला मका सतराव्या शतकापासून तिथे चांगलाच रुजला. मका आहे म्हटल्यावर कोंबड्या-बदकं पोसणं सोपं झालं. शरद ऋतूच्या शेवटी हंसांना आणि बदकांना नळीने मका भरवून फुगवायचं आणि थंडी पडली की कापायचं, हे तिथल्या शेतकरी घरांचं वर्षाचं चक्र होतं. नळीने भरवण्याच्या या पद्धतीला 'गावाज' म्हणतात. त्यातून पक्ष्याचं यकृत कित्येक पट फुगतं. तेच 'फ्वा ग्रा', शब्दशः 'चरबीदार यकृत'.

शहरातली गिऱ्हाइकं पैसे मोजायची ती या यकृतासाठी. पण शेतकऱ्याच्या घरातली खरी बेगमी होती चरबीची. फ्रीज नव्हते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकदम मिळालेलं मांस वर्षभर पुरवायचं, तर त्याला हवा लागता कामा नये. म्हणून पाय, पंख, छाती असे सगळे तुकडे रात्रभर मिठात ठेवायचे, मग त्याच पक्ष्याच्या वितळवलेल्या चरबीत मंद आचेवर दोन-तीन तास शिजवायचे, मातीच्या बरणीत भरायचे आणि वरून तीच चरबी ओतायची. गार झाल्यावर चरबी गोठते आणि झाकण बसतं. हेच 'कॉन्फी'. आपल्याकडे लोणच्यावर तेलाचा थर राहील असं बघतात ना, तसंच हे, फक्त इथे तेल आणि फोड एकाच प्राण्याची.

चरबी शिजवण्याचं माध्यमही होती, बरणीचं झाकणही आणि वर्षभराचं तेलही. बटाटे त्यात परतायचे, सूप त्यात करायचं, पावाला तीच लावायची. चरबी 'काढून टाकायची' गोष्ट आहे हा विचारच त्या घरात कुणाच्या डोक्यात आला नसता. ती काढायची असे, पण जपून ठेवण्यासाठी.

इथे एक बारीक गोष्ट आहे. कॉन्फी करताना कातडीखालची चरबी बाहेर कशी येईल याची कुणाला चिंताच नव्हती. दोन-तीन तास मंद आच असली की ती आपोआप निघते. पायाच्या मांसाला एवढा वेळ लागतोच, कारण पक्षी आयुष्यभर पायांवर चालतो आणि त्या मांसात चिवट तंतू भरपूर असतात. ते विरघळून मऊ व्हायला तास लागतात. छातीचं तसं नाही. पाळीव बदक उडत नाही म्हटलं तरी चालेल. छातीत चिवटपणा कमी, त्यामुळे तीन तासांनी पाय लुसलुशीत होतो आणि छाती कोरडी, भुसभुशीत. चरबीत बुडून कोरडं होणारं मांस! तरीही शेकडो वर्षं छाती बरणीतच गेली, कारण ती दुसरीकडे ठेवणार कुठे?

*

छाती बरणीतून बाहेर काढण्याचं श्रेय दिलं जातं आंद्रे दागँ या शेफला. तुलूझपासून साधारण ८० किलोमीटरवर ओश नावाचं गाव आहे, जेर्सची राजधानी. तिथलं 'ओतेल द फ्रान्स' हे दागँ कुटुंबाचं हॉटेल. जन्म १९३५चा. वडिलांनंतर त्याने हॉटेल हातात घेतलं आणि पुढे मिशेलाँचे दोन तारे मिळवले. छातीचा तुकडा कॉन्फीत न घालता, बीफच्या स्टेकसारखा शेकून आतून लालसर ठेवायचा आणि तसाच वाढायचा, ही त्याची कल्पना. तुकड्याला नाव मिळालं 'माग्रे'. गास्कन बोलीत 'मागर' म्हणजे बारीक, चरबी नसलेलं. कातडीखाली सेंटीमीटरभर चरबी बाळगणाऱ्या तुकड्याचं नाव 'बारीक'! नाव मांसाला दिलंय, चरबीला नाही, हे लक्षात घेतलं की कोडं सुटतं.

कोंबडीवर्गातला पक्षी आतून लाल ठेवून खाणं तेव्हा फ्रान्समध्येही विचित्रच वाटत होतं. साठ-सत्तरच्या दशकांत ते हळूहळू अंगवळणी पडलं. याच काळात घरोघर फ्रीज येत होते, आणि मला वाटतं हा योगायोग नाही. फ्रीज आला तशी बरणीची सक्ती संपली. ताजी छाती काही दिवस ठेवता येऊ लागली. फ्वा ग्राच्या धंद्यातही हंसाची जागा 'म्यूलार' नावाचं संकरित बदक घेत होतं. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या मस्कोव्ही जातीचा नर आणि साध्या पाळीव बदकाची मादी यांचं हे पिल्लू, खेचरासारखं वांझ, पण छाती मोठी आणि मांस लाल. यकृत विकून झाल्यावर उरलेल्या हजारो बदकांच्या छातीचं काय करायचं, याचं उत्तर माग्रेने दिलं. फ्रान्सच्या नियमांनुसार आजही माग्रे हे नाव फक्त फ्वा ग्रासाठी पोसलेल्या बदकाच्या छातीलाच लावता येतं.

पुढचा प्रवास अमेरिकेकडे. पॉला वुल्फर्टचं नैर्ऋत्य फ्रान्सच्या स्वयंपाकावरचं पुस्तक १९८३मध्ये आलं, आणि १९८५मध्ये दागँची मुलगी आरियान हिने एका भागीदाराबरोबर न्यू जर्सीत 'दार्तान्यां' नावाची कंपनी काढून फ्वा ग्रा आणि माग्रे अमेरिकन हॉटेलांना पुरवायला सुरुवात केली. दागँ स्वतः २०१९च्या डिसेंबरमध्ये गेला.

हे सगळं वाचताना माझं जळलेलं बदक मला सारखं आठवत होतं. दागँने एक प्रश्न सोडवला, पण दुसरा निर्माण केला. बरणीत चरबी आणि मांस दोघांनाही सारखाच वेळ मिळत होता. माग्रेमध्ये एकाच तुकड्याच्या दोन बाजूंच्या मागण्या एकदम उलट आहेत. चरबीला वेळ हवा, मांसाला नको. मांस आतून ५५ अंशांच्या आसपास पोचलं की थांबायचं असतं. ६५च्या पुढे गेलं की ते राखाडी होतं आणि थोडी यकृताची चव मारायला लागतं. चरबी निघून कातडी कुरकुरीत व्हायला मात्र दहा-बारा मिनिटं लागतातच. आणि दोघं एकमेकांना चिकटलेले.

सुरुवातीच्या काळात गास्कनीत हा तुकडा निखाऱ्यांवर, द्राक्षवेलीच्या छाटणीतल्या काटक्यांच्या आगीवर भाजत. आजही भाजतात. त्यात चरबी निखाऱ्यांवर ठिबकते, भपकन ज्वाळा उठतात आणि माणसाला चिमटा घेऊन सतत उभं राहावं लागतं. चव छान येते, पण चरबी वाया जाते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी पॅन हाच पर्याय. पॅनमध्ये निघालेली चरबी तिथेच राहते, आणि पुढे बघू तसं, तीच उरलेलं काम करते.

*

आता गार पॅनमध्ये नेमकं काय घडतं ते. माझा पहिला समज असा होता की चरबी वितळत नाही म्हणून ती आत राहते. हे चूक आहे. बदकाची चरबी इतकी मऊ असते की अंगाच्या उष्णतेनेही पातळ होते. चिमटीत धरून ठेवली तर बोटं तेलकट होतात. वितळणं हा अडथळाच नाही. अडथळा आहे बाहेर पडणं. चरबी सूक्ष्म पेशींमध्ये भरलेली असते, फुग्यांच्या पोत्यासारखी, आणि ते पोतं कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या जाळ्याने बांधलेलं असतं. आतलं तेल पातळ झालं तरी पोतं शाबूत आहे तोवर ते आतच. जाळं साधारण ६० अंशांच्या पुढे आकसतं आणि पेशींना पिळतं; पेशी फुटतात, तेल झिरपतं. त्यानंतर वेळ मिळाला तर जाळं स्वतःच विरघळून ढिलं होतं. हे सगळं व्हायला मिनिटं लागतात, सेकंद नाही.

त्यात भर पाण्याची. कातडीत आणि चरबीच्या जाळ्यात पाणी असतं. पाणी आहे तोवर तिथलं तापमान १००च्या फारसं वर जात नाही, आणि कातडी तांबूस व्हायला त्याच्या बरंच वर जावं लागतं.

गरम पॅनमध्ये हा क्रमच मोडतो. पॅनला टेकलेला कातडीचा पापुद्रा क्षणात कोरडा होतो, तांबूस होतो आणि कडक होतो. वरच्या थरातल्या चरबीला अजून काही कळलेलंही नसतं. चरबीतून उष्णता हळू जाते, मांसापेक्षा निम्म्याहूनही कमी सहजतेने, म्हणून वरचा थर तसाच गार राहतो. शिवाय कातडी एका बाजूने झटक्यात आकसल्यामुळे तुकडा वाकतो आणि फक्त कडा किंवा फक्त मध्यभाग पॅनला टेकून राहतो. तो भाग जळतो, बाकीचा कच्चा. माझ्या होडीचं रहस्य एवढंच होतं.

गार पॅनमध्ये तापमान सावकाश चढतं आणि कातडीला १०० अंशांच्या खालच्या टप्प्यात रेंगाळायला मिळतं. जाळं हळू आकसतं, तेल झिरपायला लागतं, आणि ते तेल कातडी आणि पॅन यांच्यातल्या खाचाखोचा भरून काढतं. मघाशी म्हटलं ते उरलेलं काम हेच. आता कातडीच्या प्रत्येक सुरकुतीला गरम तेल लागतं, म्हणजे ती सगळीकडून सारखी तळली जाते. आणि उष्णता हळू पुढे नेणारा तो चरबीचा थर, जो मघाशी शत्रू होता, आता मांसाचा रक्षक होतो. खाली तळण चालू असताना वरचं मांस ऊबदार होतं, शिजून जात नाही. एकाच बाजूने उष्णता आणि मध्ये एक नैसर्गिक गादी. दोन उलट मागण्या एकाच पॅनमध्ये पुऱ्या होतात त्या यामुळे.

ही युक्ती माग्रेसाठी कुणी नव्याने शोधली असं नाही. डुकराची चरबी वितळवून लार्ड करताना बारीक चिरलेल्या चरबीत थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवायची रीत जुनी आहे. तळाशी पाणी असल्यामुळे चरबी करपत नाही. पाणी उडून जाईपर्यंत पुरेशी चरबी निघालेली असते आणि पुढे ती स्वतःलाच सांभाळते. गार पॅन हा त्याचाच पाण्याशिवायचा भाऊ. गोव्यात सोरपोतेल करताना डुकराचं मांस आधी उकडतात आणि मग बारीक तुकडे करून त्यांच्याच चरबीत परततात, तिथेही क्रम तोच. डुकराच्या नुसत्या कातडीला मात्र गार पॅन पुरत नाही. ती इतकी जाड आणि कोलॅजेनने इतकी भरलेली असते की आधी पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवावीच लागते. थेट पॅनमध्ये कितीही हळू तापवली तरी चामड्यासारखी चिवट होते. एकदा करून बघितलं, दाताचं बिल आलं नाही एवढंच.

*

दुसरं बदक मी पुढच्याच शनिवारी केलं. तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल चालू होता. आई अंडंसुद्धा खात नाही, त्यामुळे मी कॅमेरा पॅनकडे वळवला नाही. पण आवाज तिला जात होता.

तुकडा फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवला होता. कातडी पेपर टॉवेलने दाबून कोरडी केली. ओली राहिली तर तेवढं पाणी आधी उडवत बसावं लागतं. मग धारदार सुरीने कातडीवर सेंटीमीटरभर अंतराने तिरक्या रेघा मारल्या, एकदा इकडून, एकदा तिकडून, शंकरपाळ्यांसारख्या. या चिरा म्हणजे चरबीला बाहेर पडायची दारं. चरबीच्या तळापर्यंत जायचं, पण मांसाला सुरी लागू द्यायची नाही. मांस कापलं गेलं तर रस गळतो, तो चरबीत पडून तडतडतो आणि कातडी तळायच्या ऐवजी वाफवली जाते. सुरीखाली पांढरं संपून गुलाबी झाक दिसू लागली की थांबायचं. दोन्ही बाजूंना मीठ लावलं, तुकडा गार पॅनमध्ये कातडी खाली करून ठेवला आणि मग शेगडी चारवर चालू केली.

पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही. माझ्यासारख्या माणसाला हीच दोन मिनिटं सगळ्यात अवघड जातात. बोट सारखं प्लसच्या बटणाकडे जातं. तिसऱ्या मिनिटाला कडेने चकाकी दिसली. चौथ्याला बारीक बुडबुडे आणि हलका चर्र असा आवाज. कडा किंचित उचलल्या जात होत्या म्हणून पळीच्या मागच्या बाजूने तुकडा अर्धं मिनिट दाबून धरला. सहाव्या मिनिटापर्यंत पॅनमध्ये चांगलं तळं साचलं होतं, ते वाटीत ओतून घेतलं. सगळं नाही, तळाला पातळ थर राहील एवढं ठेवलं. चरबी फार साचली तर ती तुकड्याच्या कडेने वर चढते आणि मांस बाजूने तळायला लागतं.

तेवढ्यात आई म्हणाली, "काय रे, लोणी कढवतोयस का?"

मी म्हटलं, "नाही गं, दुसरं काहीतरी आहे."

"पाणी आहे अजून त्यात. तडतडतंय ऐक."

मी ऐकलं. खरंच तडतडत होतं. आणखी चार-पाच मिनिटं गेली, आवाज बारीक झाला, तडतडीचं एकसारखं सळसळणं झालं.

"आता झालं बघ," आई म्हणाली. "आता नजर ठेव, नाहीतर बेरी करपेल."

मी शेगडीसमोर हसत उभा राहिलो. लोणी कढवताना घरात जे होतं तेच इथे होत होतं. लोणी आपण कधी तापलेल्या पातेल्यात टाकत नाही. गार पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवतो. आधी फेस, मग पाणी उडतानाची तडतड, मग शांतता, आणि तळाशी तांबूस बेरी. शांत झालं की पाणी संपलं; पाणी संपलं की तापमान १००ची वेस ओलांडतं आणि तांबूस होणं सुरू होतं, करपणंही. आईने थर्मामीटर कधी हातात घेतला नाही, पण ती बरोबर त्या क्षणाला सावध होते. बदकाच्या बाबतीतही तोच क्षण महत्त्वाचा. तडतड जोरात असेल तर आच जास्त आहे आणि तेल उडेल. मुळीच आवाज नसेल तर आच फार कमी, चरबी नुसती कोमट होत बसेल आणि मांस हळूहळू पूर्ण शिजून जाईल. या दुसऱ्या चुकीबद्दल लोक कमी बोलतात. गार पॅन म्हणजे शेवटपर्यंत गार नव्हे. कापल्यावर मांसाला वरून खालपर्यंत सारखा राखाडी रंग दिसला आणि कातडी पिवळट, मऊ राहिली, तर आच कमी पडली असं समजावं.

बाराव्या मिनिटाला कातडी गडद सोनेरी झाली होती. चिरांमधला पांढरा भाग आकसून बारीक रेघ उरली होती. तुकडा उलटवला, मांसाची बाजू दीड मिनिट ठेवली आणि पाटावर काढून सहा-सात मिनिटं तसाच ठेवला. या वेळात बाहेरची उष्णता आत पसरते, आतलं तापमान दोन-तीन अंशांनी वाढतं आणि कापल्यावर रस कमी सांडतो. कातडी वरच ठेवायची. खाली केली तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. आत सुई टोचली तर ५६. वाटीत जमलेली चरबी वजन केली तर ७० ग्रॅम भरली. ३८० ग्रॅमच्या तुकड्यातून. दोन आठवडे मी बटाटे त्यातच परतले.

एक गोष्ट सांगून ठेवतो. अमेरिकेसारख्या देशांतल्या अन्नसुरक्षेच्या सल्ल्यानुसार बदकासकट कुठलाही पक्षी ७४ अंशांपर्यंत शिजवायला हवा. गुलाबी माग्रे त्या नियमात बसत नाही. तिथले लोक ते खातात ते माहितीतल्या पुरवठ्यावर विश्वास ठेवून. गरोदर बायका, लहान मुलं, आजारी माणसं यांना ते देऊ नये. आणि आपल्या बाजारातलं बदक आणून हा प्रयोग करणार असाल तर ते पूर्णच शिजवा.

तसंही आपल्याकडच्या बदकाला ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. ते शेतातून, पाण्यातून हिंडणारं, लहान आणि चिवट. कातडीखाली चरबीचा थर पातळ. बारा मिनिटांच्या हिशेबाने गेलात तर चरबी पाच मिनिटांत संपते आणि पुढची सात मिनिटं मांसाच्या जिवावर जातात. अशा बदकाला रश्शात तास-दीड तास शिजवणंच बरं. केरळमधल्या स्वयंपाकात बदक रश्शात का जातं, हे मला यानंतर कळलं. गार पॅनची किमया चालते ती जाड चरबीवर, आणि ती जाडी येते नळीने भरवलेल्या मक्यातून.

हा मुद्दा मला टाळता येत नाही. फ्रान्सने २००६मध्ये कायदा करून फ्वा ग्रा हा आपला सांस्कृतिक वारसा असल्याचं जाहीर केलं. भारताने २०१४मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली. समोरच्या बाईंच्या आजीने घरची दहा-बारा बदकं भरवली आणि त्यांची चरबी वर्षभर पुरवली, तो एक हिशेब होता. आता बरणीची गरज नाही, चरबी बहुतेक घरांत सिंकमध्ये ओतली जाते, तरी भरवणं चालूच आहे आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर. मी हे बदक चवीने खाल्लं, नाकारत नाही. पण ज्या चरबीसाठी पक्षी इतका फुगवला तीच बाहेर काढायला आपण बारा मिनिटं खर्च करतो, हे पॅनसमोर उभं असताना दर वेळी डोक्यात येतं. दीड वर्षात मी चार वेळा माग्रे केलं. पाचव्यांदा आणलेलं नाही.

निघायच्या आधी समोरच्या बाईंना सांगायला गेलो. त्यांनी खिडकीतून काचेची एक बरणी काढून दिली. तळाशी कुरकुरीत तपकिरी कण, वर पांढरी चरबी. बदकाची चरबी वितळवल्यावर उरणारे कातडीचे हे कण. 'ग्रातों' म्हणतात त्यांना. मीठ लावून पावाबरोबर खातात.

"काय आहे हे?" आईने रात्री कॉलवर विचारलं.

"बेरी," मी म्हणालो. "इथली."